मुदतपूर्ती जवळ येताना डेल्टा कसा सरकतो: ॲट-द-मनी ऑप्शनचे शेवटचे दिवस टप्प्याटप्प्याने हाताळण्याची पद्धत

ऑप्शनचा व्यवहार करणाऱ्यांकडून एक चूक पुन्हा पुन्हा होताना दिसते. ॲट-द-मनी कॉलचा डेल्टा महिनाभर आधी ०.५० असतो आणि मुदतपूर्तीच्या सकाळीही ०.५० असतो. आकडा तोच दिसतो, म्हणून धोकाही तोच आहे असे मानले जाते, त्याच प्रमाणात हेज केला जातो आणि दुपारपर्यंत त्या हेजचा मूळ पोझिशनशी फारसा संबंध उरत नाही. स्क्रीनवरचा डेल्टा खोटा नसतो. पण तो या क्षणाचा असतो, आणि पुढच्या पाच पॉइंटनंतर तो कुठे असेल हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेले नसते. हे आधीच कसे काढायचे आणि त्यानुसार पोझिशन कशी बेतायची, याची क्रमवार पद्धत पुढे दिली आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नये, कारण पहिल्या टप्प्यात काढलेले माप शेवटपर्यंत वापरायचे आहे.

सर्व आकडे कॉलचे आहेत. त्याच स्ट्राइकच्या पुटचा डेल्टा हवा असल्यास कॉलच्या डेल्टातून १ वजा करावा. कॉल आणि पुट यांचा गॅमा सारखाच असतो. व्याजाचा परिणाम सोडून दिला आहे, कारण शेवटच्या काही दिवसांत तो नगण्य असतो.

## तयारी: हाताशी काय असावे

तीन गोष्टी लागतात: मूळ समभागाची किंवा निर्देशांकाची चालू किंमत, ॲट-द-मनी स्ट्राइकची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी आणि मुदतपूर्तीपर्यंत उरलेला बाजाराचा वेळ. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी वाटते आणि सर्वाधिक चुका तिथेच होतात. शेवटच्या आठवड्यात वेळ दिवसांत मोजून चालत नाही. तो दिवसाच्या अपूर्णांकात मोजावा लागतो. शेवटच्या दिवशी बाजाराची तीन चतुर्थांश वेळ संपली असेल, तर उरलेला वेळ ०.२५ दिवस आहे, १ दिवस नव्हे.

मी स्वतः बराच काळ एका तयार तक्त्यावर विसंबून होतो. तो तक्ता उरलेला वेळ पूर्ण दिवसांतच मोजत असे, आणि त्यामुळे शेवटच्या दुपारी तो मला सकाळचाच डेल्टा दाखवत राही. किंमत स्ट्राइकवरच असेल तर ही चूक दिसतही नाही, कारण दोन्ही पद्धतींनी उत्तर ०.५० येते. किंमत जरा बाजूला गेली की दोन उत्तरांत मोठी तफावत पडते, आणि नेमक्या त्याच वेळी निर्णय घ्यायचा असतो.

पडताळणी: आपले साधन वेळ कसे मोजते हे तपासण्यासाठी शेवटच्या दिवशी स्ट्राइकपासून थोड्या दूरच्या ऑप्शनचा डेल्टा दोन वेगवेगळ्या वेळी, पण मूळ किंमत सारखी असताना नोंदवावा. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आले, तर ते साधन तासांचा हिशेब करत नाही.

## टप्पा १: उरलेली हालचाल काढणे

वार्षिक व्होलॅटिलिटीला १६ ने भागले की एका दिवसाची अपेक्षित हालचाल टक्क्यांत मिळते. वर्षात बाजाराचे सुमारे २५२ दिवस असतात आणि त्याचे वर्गमूळ १६ च्या जवळ आहे, म्हणून हा भाजक. व्होलॅटिलिटी १६ टक्के असेल तर दिवसाची हालचाल १ टक्का येते. किंमत १००० असेल तर १० पॉइंट. उरलेल्या संपूर्ण काळाची हालचाल हवी असल्यास या १० पॉइंटना उरलेल्या दिवसांच्या वर्गमूळाने गुणावे.

म्हणजे २५ दिवस उरले असतील तर ५० पॉइंट, ४ दिवस उरले असतील तर २०, १ दिवस उरला असेल तर १० आणि पाव दिवस उरला असेल तर ५. पुढे या आकड्याला मी ‘उरलेली हालचाल’ म्हणेन. किंमत यापलीकडे जाणारच नाही असा त्याचा अर्थ नाही. हा प्रमाण विचलनाचा आकडा आहे. साधारण तीनपैकी दोन वेळा किंमत मुदतपूर्तीला त्या पट्ट्याच्या आत राहील, एवढेच तो सांगतो.

व्होलॅटिलिटीचा आकडा हाताशी नसेल किंवा त्याच्यावर विश्वास नसेल, तर आणखी एक मार्ग आहे आणि शेवटच्या दिवशी मला तोच अधिक भरवशाचा वाटतो. ॲट-द-मनी कॉल आणि पुट यांच्या प्रीमियमची बेरीज करावी आणि तिला १.२५ ने गुणावे. दोन्ही मिळून ८ पॉइंट असतील तर उरलेली हालचाल १० पॉइंट. येथे वेळेचा आणि व्होलॅटिलिटीचा वेगळा अंदाज करावा लागत नाही, कारण बाजाराने लावलेल्या प्रीमियममध्ये ते दोन्ही आधीच धरलेले असतात.

इशारा: ही युक्ती किंमत स्ट्राइकच्या अगदी जवळ असतानाच वापरावी. किंमत दोन स्ट्राइकच्या मधोमध असेल आणि स्ट्राइकमधील अंतर उरलेल्या हालचालीपेक्षा मोठे असेल, तर बेरजेत अंतर्गत मूल्याचा वाटा मोठा होतो आणि उत्तर फुगते.

## टप्पा २: अंतर पॉइंटमध्ये न मोजता उरलेल्या हालचालीच्या पटीत मोजणे

सगळ्या गोष्टीचे मर्म या टप्प्यात आहे. किंमत स्ट्राइकपासून १० पॉइंट वर आहे, या वाक्याला स्वतःहून काही अर्थ नाही. उरलेली हालचाल ५० असताना ते १० पॉइंट म्हणजे मापाचा पाचवा हिस्सा आहे, आणि कॉल शेवटी इन-द-मनी राहील की नाही हे जवळपास अनिश्चितच आहे. उरलेली हालचाल ५ असताना तेच १० पॉइंट म्हणजे मापाच्या दुप्पट अंतर आहे, आणि निकाल जवळपास लागलेला आहे. अंतर बदललेले नाही, मोजपट्टी लहान झाली आहे.

किंमत आणि स्ट्राइक यांतील फरकाला उरलेल्या हालचालीने भागावे आणि येणाऱ्या आकड्याची संचयी प्रसामान्य संभाव्यता घ्यावी. तीच डेल्टा. स्प्रेडशीटमध्ये B1 या चौकटीत किंमत, B2 मध्ये स्ट्राइक आणि B3 मध्ये उरलेली हालचाल ठेवली, तर सूत्र असे होते:

```
=NORM.S.DIST((B1-B2)/B3,TRUE)
```

हे ब्लॅक-शोल्स सूत्राचे सोपे रूप आहे. मुदतीला बराच काळ असेल तर दोन्हींत थोडा फरक पडतो. वरच्या उदाहरणात २५ दिवस असताना पूर्ण सूत्र ॲट-द-मनी कॉलला ०.५० ऐवजी ०.५१ देते. शेवटच्या आठवड्यात हा फरक दुर्लक्षिण्याइतका उरतो.

काही उत्तरे पाठ असावीत, कारण ती कोणत्याही किमतीला आणि कोणत्याही वेळी लागू पडतात. अंतर शून्य असेल तर डेल्टा ०.५०. किंमत मापाच्या निम्म्याने वर असेल तर ०.६९, एका मापाने वर असेल तर ०.८४ आणि दोन मापांनी वर असेल तर ०.९८. खाली गेल्यास हेच आकडे १ मधून वजा करावेत: ०.३१, ०.१६ आणि ०.०२.

पडताळणी: हाताने काढलेला डेल्टा आणि स्क्रीनवरचा डेल्टा यांत ॲट-द-मनीच्या आसपास ०.०५ पेक्षा जास्त फरक येत असेल, तर पुढे जाऊ नये. बहुतेक वेळा उरलेला वेळ चुकीचा धरलेला असतो, किंवा एका हिशेबात चालू बाजारभाव आणि दुसऱ्यात फ्यूचरचा भाव घेतलेला असतो. शेवटच्या दिवसांत या दोन भावांतील पाच-सात पॉइंटचा फरकही डेल्टा उलटापालटा करू शकतो.

## टप्पा ३: किंमत न हलता डेल्टा कुठे जाणार आहे ते पाहणे

किंमत हलली तरच डेल्टा बदलतो, अशी समजूत सर्रास आढळते. मोजपट्टी रोज लहान होत असल्यामुळे किंमत एका जागी थांबली तरी डेल्टा सरकतच राहतो. किंमत १००० वर स्थिर आहे आणि आपल्याकडे १०१० चा कॉल आहे असे धरू. चार दिवस उरले असताना अंतर मापाच्या निम्मे आहे, म्हणून डेल्टा ०.३१. एक दिवस उरला की अंतर पूर्ण एक माप होते आणि डेल्टा ०.१६ वर येतो. पाव दिवस उरला की दोन मापे, आणि डेल्टा ०.०२. किंमत एका पॉइंटनेही हललेली नाही.

इन-द-मनी बाजूला हेच उलट घडते. ९९० चा कॉल त्याच काळात ०.६९ वरून ०.८४ वर आणि तेथून ०.९८ वर जातो. वेळ डेल्टाला स्ट्राइकच्या दोन्ही बाजूंनी टोकांकडे ढकलतो: बाहेरच्यांना शून्याकडे, आतल्यांना एककडे. फक्त नेमक्या स्ट्राइकवर उभी असलेली किंमत ०.५० वर राहते, आणि हा स्थिरपणा फसवा आहे, कारण तिच्या दोन्ही बाजूंचा आधार रोज सुटत असतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की काल संध्याकाळी नीट जुळवलेला हेज आज सकाळी बाजार त्याच भावाला उघडला तरी जुळलेला नसतो. १०१० चे १,००० कॉल विकून चार दिवस आधी ३१० शेअर घेतले असतील, तर शेवटच्या सकाळी त्यांतले १६० च लागतात. उरलेले १५० शेअर हा हेज राहिलेला नसून तेजीवर लावलेला उघडा डाव झालेला असतो. म्हणून शेवटच्या आठवड्यात रोज बाजार उघडण्याआधी नव्या मोजपट्टीने सगळ्या स्ट्राइकचे डेल्टा पुन्हा काढावेत आणि मगच किमतीकडे पाहावे.

## टप्पा ४: पुढच्या हालचालीनंतरचा डेल्टा आधीच लिहून ठेवणे

आता ॲट-द-मनी ऑप्शन इतका उसळतो का, याचे उत्तर हाताशी आहे. डेल्टाला ०.१६ पासून ०.८४ पर्यंतचा प्रवास स्ट्राइकच्या खाली एक माप ते वर एक माप एवढ्या पट्ट्यातच करायचा असतो. २५ दिवस उरले असताना हा पट्टा १०० पॉइंट रुंद असतो. शेवटच्या सकाळी तो २० पॉइंटचा होतो, आणि पाव दिवस उरल्यावर १० पॉइंटचा. चढाची उंची तीच राहते, पायथा आकसतो, म्हणून उतार उभा होत जातो. या उताराला गॅमा म्हणतात. नेमक्या स्ट्राइकवर गॅमा म्हणजे ०.४ भागिले उरलेली हालचाल.

किंमत १००० वर आणि स्ट्राइकही १००० असताना पुढचा तक्ता मिळतो.

| उरलेला वेळ | उरलेली हालचाल | कॉलचा प्रीमियम | १ पॉइंटला डेल्टातील बदल | १०१० ला डेल्टा |
|---|---|---|---|---|
| २५ दिवस | ५० | २० | ०.००८ | ०.५८ |
| ४ दिवस | २० | ८ | ०.०२ | ०.६९ |
| १ दिवस | १० | ४ | ०.०४ | ०.८४ |
| पाव दिवस | ५ | २ | ०.०८ | ०.९८ |

चारही ओळींत सध्याचा डेल्टा ०.५० आहे, म्हणून तक्त्यात त्यासाठी रकानाच ठेवलेला नाही. धोक्यातला सगळा फरक शेवटच्या दोन रकान्यांत आहे.

प्रीमियमवर होणारा परिणामही पाहून घ्यावा. २५ दिवस उरले असताना किंमत एकदम १० पॉइंटने वाढली तर कॉल २० वरून सुमारे २५.४ वर जातो, म्हणजे साधारण पाव हिश्श्याने वाढतो. एक दिवस उरला असताना तीच वाढ त्याला ४ वरून १०.८ वर नेते. उलट १० पॉइंटची घसरण त्याच कॉलला ०.८ वर आणते. मूळ किंमत एक टक्का इकडे किंवा तिकडे गेली, आणि ऑप्शन अडीच पटींहून अधिक झाला किंवा त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा उरला.

स्ट्राइकपासून दूरच्या ऑप्शनचा गॅमा मात्र सरळ वाढत जात नाही, आणि ही बाब फार थोड्यांच्या लक्षात असते. तो आधी वाढतो, मग कोसळतो. सर्वाधिक तेव्हा असतो, जेव्हा उरलेली हालचाल आणि स्ट्राइकपर्यंतचे अंतर एकसारखे होतात. २० पॉइंट दूरच्या ऑप्शनचा गॅमा आपल्या उदाहरणात चार दिवस आधी शिखरावर असतो, आणि १० पॉइंट दूरच्याचा शेवटच्या सकाळी. त्यानंतर तो ऑप्शन थंड पडत जातो, पण किंमत त्याच्या दिशेने चालून आली तर नव्हे: तेव्हा तोच नवा ॲट-द-मनी होतो आणि तक्त्यातली खालची ओळ त्याला लागू होते.

इशारा: व्होलॅटिलिटीचा अंदाज चुकला तर ॲट-द-मनी डेल्टा ते सांगत नाही, कारण कोणत्याही व्होलॅटिलिटीला तो ०.५० च्या आसपासच येतो. गॅमा मात्र सरळ त्या प्रमाणात चुकतो. डेल्टा बरोबर आला म्हणून हिशेब बरोबर आहे असे समजू नये.

## टप्पा ५: शेवटचा दिवस आकड्यांत चालून पाहणे

एका व्यापाऱ्याने शेवटच्या सकाळी १,००० शेअरवरचे १००० स्ट्राइकचे कॉल विकले आहेत, प्रत्येकी ३.९९ पॉइंटला. हातात आलेला प्रीमियम ३,९९० पॉइंट. डेल्टा ०.५० म्हणून त्याने ५०० शेअर विकत घेतले. दिवसभरात तो चार वेळा हेज जुळवतो, प्रत्येक वेळी त्या क्षणाच्या उरलेल्या हालचालीने डेल्टा काढून.

पाव दिवस सरला तेव्हा किंमत १००६ आहे आणि उरलेली हालचाल ८.६६. डेल्टा ०.७५६ येतो, म्हणून तो २५६ शेअर आणखी घेतो. अर्ध्या दिवशी किंमत ९९९ वर उतरलेली आहे, उरलेली हालचाल ७.०७ आहे, डेल्टा ०.४४४, म्हणून ३१२ शेअर विकतो. पाऊण दिवस झाल्यावर किंमत १००४, उरलेली हालचाल ५, डेल्टा ०.७८८, पुन्हा ३४४ शेअर घ्यावे लागतात. दिवसाचा सोळावा हिस्सा उरला असताना किंमत ९९८ आणि उरलेली हालचाल २.५ आहे. डेल्टा ०.२१२, म्हणून तो ५७६ शेअर विकून टाकतो. शेवटी किंमत १००१ वर बंद होते.

येथे थोडे थांबून या व्यवहारांचा आकार पाहावा. सकाळी ६ पॉइंटच्या चढीला २५६ शेअर लागले. दुपारी उशिरा ६ पॉइंटच्या घसरणीला ५७६ लागले. हालचाल तेवढीच होती, मोजपट्टी लहान झाली होती.

आता हिशेब. ५०० शेअरवर ६ पॉइंट मिळाले: ३,००० नफा. ७५६ वर ७ पॉइंट गेले: ५,२९२ तोटा. ४४४ वर ५ पॉइंट मिळाले: २,२२० नफा. ७८८ वर ६ पॉइंट गेले: ४,७२८ तोटा. शेवटच्या २१२ शेअरवर ३ पॉइंट मिळाले: ६३६ नफा. शेअरच्या बाजूने निव्वळ तोटा ४,१६४. कॉल १ पॉइंटने इन-द-मनी संपला, त्याचे १,००० द्यावे लागले. प्रीमियम ३,९९० आला होता. शेवटी १,१७४ पॉइंटचा तोटा, आणि तोही दलाली आणि खरेदी-विक्रीच्या भावातील फरक न धरता. मूळ किंमत दिवसभरात १ पॉइंटने वाढली.

‘हेज केलाच नसता तर २,९९० नफा झाला असता’ असे येथे म्हणावेसे वाटते. ते निकाल कळल्यानंतरचे शहाणपण आहे. किंमत १०२० वर बंद झाली असती तर त्याच न केलेल्या हेजने १६,०१० चा तोटा दिला असता. तोट्याचे खरे कारण वेगळे आहे आणि ते मोजता येते. प्रत्येक हालचालीचा वर्ग घेऊन बेरीज करावी: ३६, ४९, २५, ३६ आणि ९, म्हणजे १५५. प्रीमियम ठरताना दिवसाची हालचाल १० धरली होती, तिचा वर्ग १००. किंमत शेवटी जवळपास जागेवर आली, तरी वाटेत ती अपेक्षेपेक्षा बरीच जास्त हलली. ऑप्शन विकणाऱ्याने मोबदला १०० चा घेतला आणि हालचाल १५५ ची सोसली. ऑप्शन घेऊन त्याच वेळी तसेच हेज करणाऱ्याला हाच फरक नफा म्हणून मिळाला असता.

पडताळणी: दिवसभर हेज जुळवणाऱ्याने दोन जुळवणींमधील हालचालींच्या वर्गांची चालू बेरीज लिहीत जावी, आणि प्रीमियममध्ये धरलेल्या दिवसाच्या हालचालीच्या वर्गाशी ती ताडावी. अर्धा दिवस उरलेला असताना बेरीज १०० च्या वर गेली असेल, तर आपण कुठे आहोत हे नफा-तोट्याच्या रकान्याआधी कळते. मात्र स्ट्राइकजवळ असताना झालेल्या हालचालींचा भार जास्त असतो, आणि स्ट्राइकपासून दूर गेलेल्या ऑप्शनला तीच हालचाल फारशी लागत नाही, हे ध्यानात ठेवावे.

## टप्पा ६: पोझिशनचा आकार गॅमावरून बेतणे

बहुतेक लोक लॉटची संख्या प्रीमियमवरून किंवा मार्जिनवरून ठरवतात, आणि ती महिनाभर तशीच ठेवतात. शेवटच्या आठवड्यात हे माप चुकीचे ठरते. त्याऐवजी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: किंमत १० पॉइंटने हलली, तर माझ्या हिशेबात किती शेअरचा फरक पडलेला मला चालेल? समजा उत्तर १५० शेअर असे आहे.

चार दिवस उरले असताना १० पॉइंटला डेल्टा सुमारे ०.१९ ने बदलतो. १५० ला ०.१९ ने भागले की सुमारे ७८० शेअरवरचे ऑप्शन चालतात. एक दिवस उरला की हा बदल ०.३४ होतो आणि मर्यादा ४४० वर येते. पाव दिवस उरल्यावर बदल ०.४८, मर्यादा ३१५ च्या आसपास. सुरुवातीला १,००० शेअरवरचे ऑप्शन आरामात सांभाळणाऱ्याने शेवटच्या सकाळी निम्म्याहून कमी ठेवायला हवे होते, तेही धोका पूर्वीइतकाच ठेवायचा असेल तर. ही घट बाजार उसळल्यावर करायची नसते. मुदतपूर्तीच्या आदल्या दिवशी, किंमत शांत असताना करायची असते.

हेज कधी जुळवायचा याचा नियमही आधीच लिहावा. घड्याळावर चालणे किंवा ठरावीक पॉइंटवर चालणे, दोन्ही शेवटच्या दिवशी अपुरे पडते. उरलेल्या हालचालीच्या निम्म्याएवढी किंमत सरकली की जुळवावे, असा नियम मला सर्वांत उपयोगी वाटला आहे, कारण तो मोजपट्टीबरोबर आपोआप लहान होतो. पण त्याला एक मर्यादा आहे: उरलेली हालचाल इतकी लहान झाली, की तिचा निम्मा भाग खरेदी-विक्रीच्या भावातील फरकाच्या जवळ आला, तर जुळवणीचाच खर्च सगळे खाऊन टाकतो. तिथे हेज थांबवून पोझिशन बंद करणे हाच मार्ग उरतो.

इशारा: ऑप्शन विकत घेणाऱ्यालाही हा टप्पा टाळता येत नाही. शेवटच्या सकाळी ४ पॉइंटला घेतलेला कॉल, किंमत जागची न हलता, पाव दिवस उरेपर्यंत २ वर येतो आणि उरलेले दोन त्या पाव दिवसात जातात. वेगाने उसळण्याची ती किंमत आहे, आणि ती मोजूनच खरेदी करावी.

## टप्पा ७: शेवटची मिनिटे आणि अंतिम भाव

मुदतपूर्तीच्या क्षणी डेल्टाला मधला आकडा उरत नाही. किंमत स्ट्राइकच्या वर असेल तर १, खाली असेल तर ०. त्याआधीच्या काही मिनिटांत, किंमत स्ट्राइकला चिकटून असेल, तर सूत्र ०.२ आणि ०.८ यांच्यात हेलकावत राहते, आणि प्रत्येक उत्तर ते छापले जाईपर्यंत शिळे झालेले असते. अशा वेळी सूत्राचे ऐकून शेअर घेत-विकत राहणे म्हणजे चढ्या भावात घेणे आणि उतरत्या भावात विकणे एवढेच होते.

तेथे पोचण्याआधी कराराच्या अटींतून दोन गोष्टी पाहून ठेवाव्यात. पहिली, अंतिम भाव कसा ठरतो. तो एकाच क्षणाचा असेल तर वरचे वर्णन जसेच्या तसे लागू होते. शेवटच्या काही काळाच्या सरासरीवर ठरत असेल, तर सरासरीचा काळ सुरू झाल्यावर चित्र पालटते: सरासरीचा जितका भाग नोंदला गेला, तितका निकाल पक्का होत जातो आणि चालू किमतीच्या प्रत्येक पॉइंटचा परिणाम घटत जातो. अर्धा काळ उलटल्यावर चालू किमतीतील २ पॉइंटचा टिकून राहिलेला बदल अंतिम सरासरीला १ पॉइंटच हलवतो. अशा करारात हेजही त्याच गतीने थोडा थोडा सोडवत न्यावा लागतो. चालू किमतीवरून डेल्टा काढणारे साधन तेथे चुकीचा आणि वाजवीपेक्षा जास्त उसळणारा आकडा दाखवते.

दुसरी गोष्ट, निवाडा पैशांत होतो की प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात. प्रत्यक्ष देवघेव असेल आणि किंमत स्ट्राइकवरच बंद झाली, तर कॉल विकणाऱ्याला आपल्याकडे किती शेअर मागितले जातील हे बाजार बंद होईपर्यंत कळलेले नसते. काही करारांत हक्क बजावायचा की नाही हे ठरवायला घेणाऱ्याला बंदनंतरही थोडा वेळ असतो. ५०० शेअर हातात ठेवले आणि १,००० मागितले गेले, किंवा एकही मागितला गेला नाही, तरी दोन्ही बाबतींत पुढच्या उघडण्याला ५०० शेअरची उघडी पोझिशन राहते, एकदा उणे आणि एकदा अधिक. या स्थितीला कोणताही डेल्टा हेज करू शकत नाही. विकलेला ऑप्शन स्ट्राइकपासून एका मापाच्या आत असेल आणि तो परत विकत घेऊन संपवण्याची किंमत १ किंवा २ पॉइंट असेल, तर ती देऊन बाजार बंद होण्याआधी मोकळे व्हावे.